गेटवर पाटी आहे की रांग? एकच मालक असलेल्या ठिकाणची किमान मजुरी

प्रश्न: सर, मी इंदूरला अर्थशास्त्रात एमए करते. माझी मावशी देवासच्या पुढे एका गावात राहते. तिथे आसपासच्या चार-पाच गावांत मिळून एकच शिलाईचा कारखाना आहे. मालक म्हणतो, कलेक्टर रेट, म्हणजे सरकारी किमान मजुरी, वाढली तर बायका कमी कराव्या लागतील. आमच्या पुस्तकात मात्र दिलंय की एकच मोठा मालक असेल तर मजुरी वाढवल्यावर रोजगार वाढूही शकतो. आकृती पाठ आहे, पण असं का होतं ते कळत नाही. खरं काय?

उत्तर:

मालक आणि पुस्तक, दोघांचंही बरोबर असू शकतं. दर किती वाढला आणि त्या बायकांना त्या गेटशिवाय दुसरं कुठलं गेट गाठता येतं, यावर सगळं ठरतं. इंदूर-देवास-पीथमपूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं कॉस्टिंग आणि पगारपत्रकं करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून आकृती बाजूला ठेवून मालकाच्या वहीतूनच सांगतो.

आधी 'एकच मालक' म्हणजे काय ते पाहू. कारखाना अवाढव्य असायला हवा असं नाही. इंदुरात मिलांचा जमाना होता तेव्हा हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी अशा मिला एकाच शहरात होत्या. प्रत्येकीत माणसं खूप, पण विणकराला एका मिलच्या भोंग्यावर नाही तर दुसरीच्या भोंग्यावर जाता येत होतं. तुमच्या मावशीच्या गावचा कारखाना त्या मिलांपुढे चिमुकला असेल. पण सकाळी पोळ्या उरकून, मुलाला शाळेत सोडून नऊला पोहोचायचं आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, एवढ्या वेळात जिला दुसरं गेट गाठता येत नाही, तिच्यासाठी तो एकमेव मालक आहे. बस नाही, रात्रीचा रस्ता नाही, घरून परवानगी नाही. बाजारपेठ एवढीच. इंदूरसारखं शहर तीस-चाळीस किलोमीटरवर असलं तरी तिला त्याचा उपयोग नाही.

आता हिशोब. आकडे सोपे जावेत म्हणून घेतलेत, आजचे सरकारी दर म्हणून वाचू नका.

समजा कारखान्यात ३० बायका आहेत आणि रोज ३२० रुपये आहे. या दराला ज्यांना येणं परवडतं त्या सगळ्या आलेल्या आहेत. एकतिसावी हवी असेल तर तिला ३२४ द्यावे लागतील, कारण ती जरा लांब राहते, किंवा तिला शेतातली मजुरी सोडून यावं लागतं. बत्तिसावी ३२८ मागेल. म्हणजे पुढच्या प्रत्येक बाईसाठी दर ४ रुपयांनी चढतो.

दुसरी बाजू बाईच्या कामाची. कापड, दोरा, वीज वजा केल्यावर तिसावी बाई मालकाच्या गल्ल्यात रोज ४४० रुपयांची भर घालते, एकतिसावी ४३६ ची, चाळिसावी ४०० ची. पुढच्या प्रत्येकीमागे भर ४ रुपयांनी घटते. याचं कारण साधं आहे: चांगल्या भावाच्या ऑर्डरी आधी भरतात, मग जॉबवर्कचं हलकं काम उरतं, आणि नव्या बाईच्या वाट्याला जुनं मशीन येतं.

एकतिसावी बाई ३२४ मागते आणि ४३६ देते. मग मालक तिला का घेत नाही?

एका शेडमध्ये मी हे अगदी जवळून पाहिलंय. लाइनच्या टोकाला तीन ओव्हरलॉक मशिनं प्लास्टिक टाकून झाकून ठेवलेली होती. ऑर्डर पडून होती. लाइन मास्तर म्हणाला, "सेठजी, पलीकडच्या गावात तिघी तयार आहेत, पण दहा-बारा रुपये जास्त मागतात." सेठनी चलनाच्या पाठीमागे पेननं दोन ओळी लिहिल्या आणि कागद मास्तरपुढे सरकवला. म्हणाले, "तिघींना वाढवले की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. मग सगळ्यांना वाढवावे लागतील. त्यापेक्षा मशिनं झाकलेली बरी." मास्तरला ते पटलं नाही, पण गणित सेठचंच बरोबर होतं.

तेच गणित आपल्या आकड्यांनी करा. एकाच छताखाली एकाच कामाला दोन दर चालत नाहीत. एकतिसावीला ३२४ दिले की आधीच्या तिसांनाही ४-४ रुपये वाढवावे लागतात, म्हणजे १२० रुपये. एकतिसावी मालकाला ३२४ ला नाही, ४४४ ला पडली. ती भर घालते ४३६ ची. आठ रुपयांचा तोटा. म्हणून मालक तिसावर थांबतो. बाई ३२४ मध्ये यायला तयार, तिचं काम ४३६ चं, तरी ती घरी बसते. पुस्तकातल्या आकृतीत दोन वक्रांमधली जी फट असते, ती ही.

आता सरकारनं दर ३६० केला. तिसांच्या पगारात प्रत्येकी ४० रुपये वाढले, म्हणजे रोज १,२०० रुपये मालकाच्या खिशातून गेले. एकतिसावीला घेतली काय, न घेतली काय, ते गेलेच. तिच्या वाटेतला अडसर नेमका हाच होता, की तिला घेतल्यानं बाकीच्यांचा पगार वाढतो. आता तो आधीच वाढलेला आहे. म्हणून एकतिसावी ४४४ ला न पडता फक्त ३६० ला पडते आणि भर घालते ४३६ ची. मालक तिला घेणारच. बत्तिसावीलाही घेणार, तेहेतिसावीलाही. ३६० रुपयांत आसपासच्या गावांतून ४० बायका येऊ शकतात. चाळिसावी ४०० ची भर घालते, तीही परवडते. एक्केचाळिसावीसाठी सगळ्यांना ३६४ करावे लागतील, ती ५२४ ला पडेल, तिथे तो पुन्हा थांबेल.

तिसाच्या चाळीस झाल्या. आणि हे मालकानं दयाबुद्धीनं केलेलं नाही.

पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईलच, आणि तो यायलाही हवा: चाळीस बायका घेणं एवढं फायद्याचं असेल तर मालकानं स्वतःच दर ३६० का केला नाही? कारण ते त्याच्या फायद्याचं नाही. पहिल्यापासून तिसाव्या बाईपर्यंतची भर मोजली तर रोज १४,९४० रुपये होते. त्यातून पगाराचे ९,६०० गेले की मालकाकडे ५,३४० उरतात. चाळिसांची भर १९,१२० आणि पगार १४,४००, म्हणजे उरतात ४,७२०. मालकाचे रोज ६२० रुपये कमी झाले. नव्या दराने १,२०० नेले. नव्या दहा बायकांनी आपापला पगार वजा जाता ५८० परत मिळवून दिले. म्हणजे दर एकदा लागू झाला की नुकसान कमी करायचा मालकाच्या हातातला सर्वांत चांगला उपाय म्हणजे जास्त बायका घेणं. तुमच्या परीक्षेतलं उत्तर याच वाक्यावर उभं राहतं. माल जास्त निघतो, बायका जास्त, त्यांचा पगार जास्त, फक्त मालकाचा वाटा घटतो. म्हणून दर वाढायच्या आधी तो जे सांगतो आणि वाढल्यावर जे करतो, ते वेगळं असू शकतं. त्याला खोटारडा म्हणू नका. त्याचं नुकसान खरंच होतं.

आता दर आणखी चढवत जाऊ. ३८० ला ४५ बायका येतात आणि पंचेचाळिसावी नेमकी ३८० चीच भर घालते. रोजगार इथे सर्वांत जास्त. ४०० केला तर मालकाला ४० च परवडतात, पण यायला तयार ५०, म्हणजे दहा जणी गेटबाहेर. ४४० ला पुन्हा ३० वर आलो: पहिल्याइतक्याच बायका, पण पगार १२० रुपयांनी जास्त आणि बाहेर रांग मोठी. ४८० ला उरतात २०. म्हणजे ३२० ते ४४० या पट्ट्यात कुठेही दर ठेवला तरी रोजगार आधीपेक्षा कमी होत नाही, आणि ४४० च्या वर मालक म्हणतो तसंच होतं. 'मजुरी वाढली की काम जातं' हे वाक्य त्या रेषेच्या वर खरं आहे, खाली नाही. वादात दोन्ही बाजूंनी हा पट्टाच विसरला जातो.

पण एवढ्यावर थांबलात तर तुम्ही अर्धंच शिकलात. वरच्या हिशोबात शेडचं भाडं, मशिनांचे बँकेचे हप्ते, चौकीदार, यातलं काहीच नाही. ते रोज ४,५०० रुपये धरा. मग आधी मालकाला रोज ८४० सुटत होते. ३६० च्या दराला २२० सुटतात, कारखाना टिकतो. ३८० ला त्याच्याकडे उरतात ३,९६०, म्हणजे रोज ५४० चा तोटा. आकृती म्हणते ४५ बायका लागतील. प्रत्यक्षात हप्ते फिटेपर्यंत तो ओढत राहील आणि मग कुलूप लावेल. सगळ्याच जातील. मालक एकटा आहे म्हणून तो गब्बर असतो, असं समजणं चूक आहे. रस्ता वाईट, वीज जाते, माल पाठवायला खर्च, अशा ठिकाणी म्हणूनच तर दुसरा कारखाना आलेला नसतो. मजुरीत जे वाचतं ते वाहतुकीत जातं. त्यामुळे पुस्तकातला 'रोजगार वाढतो' हा निष्कर्ष, कारखाना चालू राहील एवढी शिल्लक मालकाकडे उरते, या अटीवर उभा आहे. तुमच्या गावाबद्दल बोलताना ही अट आधी तपासा.

प्रत्यक्षात असं कुठे दिसलंय का? अमेरिकेतलं न्यू जर्सीचं उदाहरण तुम्हाला शिकवलंच असेल. एप्रिल १९९२ मध्ये तिथे तासाचा दर ४.२५ डॉलरचा ५.०५ झाला. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्वेनियातली मिळून ४१० फास्ट फूड दुकानं पाहिली, आणि न्यू जर्सीत कामं घटल्याचं त्यांना दिसलं नाही. नंतर न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकांच्या आधारे त्यावर आक्षेप घेतला आणि तो वाद बराच काळ चालला. पण तिथे मालक अनेक होते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला ते उदाहरण नीट बसत नाही.

मला जास्त जवळचं वाटतं ते आंध्र प्रदेशातलं काम. तिथे रोजगार हमीचे पैसे बायोमेट्रिक स्मार्टकार्डाने द्यायची पद्धत आली, तेव्हा कोणत्या मंडलात, म्हणजे जिल्ह्याच्या कोणत्या भागात, ती आधी सुरू करायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी आधीची आणि नंतरची मंडलं ताडून पाहिली. जिथे हमीचं काम नीट चाललं तिथे खासगी मजुरीचे दर चढले. एवढं कोणीही सांगितलं असतं. पण खासगी मालकांकडचं कामही कमी न होता वाढलं, आणि जिथे जमीन मोजक्या लोकांच्या हातात होती तिथे ते जास्त वाढलं. मोजके जमीनदार म्हणजे मजुराला मोजकी दारं. ही किमान मजुरीच्या कायद्याची परीक्षा नव्हती, आणि हाती पैसा आल्याने गावात खरेदी वाढली असेल, हेही एक कारण असू शकतं. पण 'या दराखाली कोणी येणार नाही' अशी पायरी बसली आणि रोजगार घटला नाही, एवढं तर आपल्याच देशात, आपल्यासारख्याच गावांत दिसलं.

आपल्याकडे एप्रिल २०२४ पासून मध्य प्रदेशात किमान वेतनाचे नवे दर लागू झाले. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्यांना स्थगिती दिली आणि ती डिसेंबरमध्ये उठली. त्या सगळ्या चर्चेत 'उद्योगांना परवडेल का' हे भरपूर ऐकू आलं. 'बायकांना दुसरं गेट आहे का' हे मला फारसं ऐकू आलं नाही. सरकारी दर अकुशल, अर्धकुशल, कुशल, उच्च कुशल अशा वर्गांनी ठरतो. गावापासून दुसरा कारखाना किती लांब आहे, हे त्यात कुठेच नसतं. त्यामुळे एकच दर एका ठिकाणी पट्ट्याच्या आत बसतो आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर जातो.

मग तुमच्या मावशीच्या गावात काय होईल, हे कसं ओळखायचं? मी सर्वांत आधी गेट पाहतो. बाहेर 'कारीगर पाहिजेत' अशी पाटी महिनोन्‌महिने लटकलेली आहे आणि तरीही दर तोच आहे, तर समजा मालक तिसावर थांबलेला आहे. जिथे मालक अनेक असतात तिथे माणूस मिळत नसेल तर दर चढतो. इथे पाटी राहते आणि दर हलत नाही. दुसरी खूण म्हणजे दराला हात न लावता माणसं आणायची धडपड: लांबच्या गावाला टेम्पो पाठवणं, नव्या बायकांना गुपचूप हजेरी बोनस देणं, ठेकेदाराकडून परराज्यातल्या मुली आणून त्यांना वेगळ्या शेडमध्ये बसवणं. हे सगळे 'एकतिसावीला जास्त देऊ, पण तिसांना कळू नये' याचेच प्रकार आहेत. ज्याला यात यश येतं त्याच्याकडे दर वाढवून रोजगार फारसा वाढणार नाही, कारण त्या बायका तो आधीच घेऊन बसलाय.

याउलट गेटवर सकाळी बायका उभ्या असतील, 'ताई, जागा निघाली तर सांगा' म्हणत असतील, तर त्या दराला मालकाला हव्या त्यापेक्षा जास्त बायका तयार आहेत. तिथे दर वाढवून नवी कामं निघणार नाहीत. दर वाढल्यानंतरही हेच पाहायचं: आधी पाटी उतरते, मग भरती होते, आणि दर फार चढला तर रांग लागते.

दर वाढल्यावर मस्टर पाहून फसू नका, ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. शिलाईत बहुतेक काम नगावर चालतं. दर ३६० झाला की दिवसाचा टार्गेट ८० नगांचा ९० होतो, आणि तो पुरा न करणारीचा अर्धा दिवस मांडला जातो. कागदावर दर वाढला, बाईच्या हातात आला नाही. दुसरा प्रकार त्याहून वाईट: खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर फरकाची रक्कम रोख परत घेतो. असं होत असेल तर रोजगार घटला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण दर वाढलेलाच नाही. मी मस्टरशेजारी रोजचे नग लिहिलेली लाइन मास्तरची वही मागतो. नग वाढले, तास तेच आणि बायकाही तेवढ्याच, तर वाढ टार्गेटमध्ये जिरली असं समजतो.

आणखी एक आकडा नोंदवून ठेवा: २०. वीस कामगार झाले की भविष्य निधी लागू होतो आणि मालकाचा खर्च एकदम चढतो. म्हणून कित्येक ठिकाणी मस्टरवर १९ नावं असतात आणि बाकीच्या ठेकेदाराच्या कागदावर. अशा कारखान्यात दर वाढल्यावर भरती झाली तरी ती मस्टरमध्ये दिसत नाही, आणि बाहेरून बघणारा म्हणतो, रोजगार तेवढाच राहिला. मशिनं मोजा. झाकलेली किती होती आणि चालू किती झाली, हे मस्टरपेक्षा खरं सांगतं.

मावशीला एवढं विचारा: पाटी किती दिवसांपासून आहे, झाकलेली मशिनं किती आहेत, त्यांच्या ओळखीच्या किती जणी 'अजून तीस-चाळीस रुपये मिळाले तर येऊ' म्हणतात, आणि गेल्या वर्षभरात मालकाने पगार उशिरा केला का. पहिल्या तिन्हींची उत्तरं भरघोस आली तर दर वाढल्यावर बायका वाढायची शक्यता चांगली. चौथ्याचं उत्तर 'हो, तीन-चार वेळा' असं आलं, तर मालकाकडे शिल्लक नाही आणि त्याची धमकी गंभीरपणे घ्यावी लागेल. तेवढी माहिती मिळाली की इथे लिहा, आकडे घालून हिशोब एकत्र करू.